कोलोनोस्कोपीची पावडर एकाच रात्री कशाला संपवायची?

'रात्री 7 ला पावडर पाण्यात टाकून सगळी संपवा, सकाळी उपाशीपोटी या.' कोलोनोस्कोपीच्या तयारीची एवढीच सूचना अजूनही कितीतरी ठिकाणी दिली जाते, तीही तोंडी. माझा या पद्धतीला स्पष्ट विरोध आहे. का, ते समजून घ्या.

मोठे आतडे रात्री 10 ला स्वच्छ झाले तरी लहान आतडे झोपत नाही. त्यातून पित्तमिश्रित चिकट स्राव रात्रभर मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला येत राहतो आणि भिंतीवर लेप बसतो. उजवीकडचे काही पॉलिप चपटे असतात. ते नेमके या लेपाखाली दडतात. रिपोर्टवर 'तयारी अपुरी' असा शेरा येतो, आणि खर्च व त्रास दुसऱ्यांदा तुमच्या वाट्याला येतो.

उपाय नवा नाही. अर्धे औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या 4 ते 6 तास आधी घ्यायचे. अमेरिकेच्या 2014 च्या आणि युरोपच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत औषध असे दोन भागांत घेण्याचीच शिफारस आहे. 'पेशंट लांबून येतो, वाटेत पंचाईत होईल' हे कारण मला नेहमी ऐकवले जाते. ते तपासून पाहू.

समजा तुम्ही पारनेरच्या बाजूला राहता, तपासणी नगरला सकाळी 11 वाजता आहे आणि डॉक्टरांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे 2 लिटर पाण्यात मिसळायचे पाकीट दिले आहे. आदल्या संध्याकाळी 6 ते 7 मध्ये 1 लिटर, दर 15 मिनिटांनी एक ग्लास. उरलेले झाकून फ्रीजमध्ये ठेवा. पहाटे 5 चा गजर लावून दुसरा लिटर सव्वासहापर्यंत संपवा. जुलाबाचा जोर पुढचे दीड-दोन तास राहतो. 9 वाजता घर सोडेपर्यंत बहुतेकांचे पोट शांत झालेले असते. राहिलाच तर एखादा थांबा. एका पहाटेची झोप जाते, एवढेच.

आता आदल्या दिवसाचा आहार. 'लिक्विड घ्या' म्हटले की आपल्याकडे उपवास समजतात. मग साबुदाण्याची खीर, दूध, केळ्याचे शिकरण सुरू होते. हे चालत नाही. ग्लासातून पलीकडची वर्तमानपत्राची अक्षरे वाचता आली पाहिजेत, तेच पेय चालते. गाळलेले लिंबू सरबत, शहाळ्याचे पाणी, बिनदुधाचा चहा, डाळीचे वरचे निवळ गाळलेले पाणी चालेल. कोकम सरबत आणि बीटाचा रस मात्र नको, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पेरू, टोमॅटो, तीळ, शेंगदाणे आणि बाजरीची भाकरी दोन-तीन दिवस आधीच थांबवा. बिया आणि चोथा नळीत अडकतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून बंद करा, त्याने शौच काळे, चिकट होते.

मळमळीबद्दल तर कोणी सांगतच नाही, आणि काही लोक औषध तिथेच सोडतात. औषध गार करून स्ट्रॉने प्या, म्हणजे चव जिभेवर कमी लागते. दोन ग्लासांमध्ये लिंबाची फोड चोखा, थोडे चाला, पडून राहू नका. पावडरच्या पाण्यात साखर घालू नका. मळमळ वाढली तर अर्धा तास थांबा, मग अर्ध्या ग्लासाने पुन्हा सुरू करा. उलटी झाली म्हणून सगळे परत पहिल्यापासून घ्यायचे नसते. ऑन्डान्सेट्रॉनची गोळी चालेल का, हे चिठ्ठी घेतानाच विचारून ठेवा. रात्री 8 ला विचारायला कोणी नसते. पण पोट फुगून घट्ट झाले, सतत दुखतेय आणि शौचाला होतच नाही, तर पुढचा घोट घेऊ नका, लगेच दवाखाना गाठा. आतड्यात अडथळा असू शकतो.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचा डोस त्या दिवशी नेहमीसारखा घेतला तर साखर धोकादायकरीत्या उतरते. तो डॉक्टरांकडून लिहून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर सोडियम फॉस्फेटचे औषध घेऊ नका, ते कमी पाण्यात होते म्हणून आवडते असले तरी.

तयारी झाली हे कसे ओळखायचे? शेवटचे शौच लघवीसारखे पिवळसर, पारदर्शक हवे, भांड्याचा तळ दिसला पाहिजे. तपकिरी आणि गढूळ असेल, तर नगरला निघण्यापूर्वी केंद्राला फोन करा. काही वेळा आणखी औषध देऊन तपासणी दुपारी घेता येते. साधे पाणी साधारणपणे तपासणीच्या 2 तास आधीपर्यंत चालते, पण भूल देणार असतील तर त्यांची वेळ पाळा.

आणि कागदावर फक्त 'रात्री सगळे प्या' असेल, तर काउंटरवरच विचारा, 'डॉक्टर, दोन भागांत घेतले तर चालेल का? माझी वेळ किती वाजता आहे?'