जमा रकमेचा कागद द्या: केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली



मी नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडमध्ये लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देतो. आमच्या भागात गुलाब आणि मोगऱ्याची शेती आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने कित्येक घरांत आजवर कुणी विवरणपत्र भरलेले नव्हते. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांमुळे आता त्याच घरांतली माणसे पॅन कार्ड घेऊन माझ्याकडे येतात. पोर्टलवरच्या एआयएसमध्ये त्यांना 194बीए हे टीडीएसचे कलम दिसलेले असते आणि ते कशाचे, हे कळत नसते.

कायदा आपण जाणताच, तरी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 1 एप्रिल 2023 पासून कलम 115बीबीजे लागू झाले. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के उपकर लागतो. दुसरे काहीच उत्पन्न नसले तरी या रकमेला करमुक्त मर्यादेचा फायदा मिळत नाही. निव्वळ रक्कम कशी काढायची ते नियम 133 सांगतो: वर्षभरात काढून घेतलेले पैसे आणि 31 मार्चला खात्यात उरलेली शिल्लक यांची बेरीज करायची, त्यातून वर्षभरात स्वतः भरलेले पैसे आणि 1 एप्रिलची शिल्लक वजा करायची.

नियम न्याय्य आहे. अडचण पुढे येते, ती उदाहरणाने दाखवतो. समजा, एका मुलाने मे 2024 मध्ये 10,000 रुपये भरले, जूनमध्ये 18,000 काढले आणि खाते रिकामे झाले. कंपनीने 8,000 रुपये निव्वळ जिंकणे धरून 2,400 रुपये टीडीएस कापला. बँकेत आले 15,600. पुढे ऑक्टोबर ते डिसेंबर त्याने आणखी 20,000 भरले, बहुतेक हरले, जानेवारीत 6,000 काढले आणि 31 मार्च 2025 ला खात्यात 1,000 उरले. वर्षाचा हिशेब असा: काढलेले 24,000 आणि शिल्लक 1,000 मिळून 25,000, भरलेले 30,000. म्हणजे तो 5,000 रुपयांनी तोट्यात आहे. करपात्र रक्कम शून्य, आणि कापलेले 2,400 विवरणपत्र भरून परत मागायचे. 5,000 चा तोटा मात्र दुसऱ्या कुठल्या उत्पन्नातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही.

आता आपल्या संगणकाला काय दिसते? 8,000 रुपये जिंकले, 2,400 कापले, एवढेच. ऑक्टोबरपासून भरलेले 20,000 एआयएसमध्ये नसतात. ते सिद्ध करायची जबाबदारी त्या मुलावर येते. तो पासबुक आणतो, तर यूपीआयच्या नोंदीपुढे बहुतेक वेळा खेळाचे नाव नसून पेमेंट गेटवेचे नाव असते. पैसे खेळात गेले की रिचार्जला, हे त्या ओळीवरून सांगता येत नाही. ते कळते फक्त कंपनीच्या ॲपमधल्या खातेउताऱ्यावरून, जिथे प्रत्येक भरण्यापुढे व्यवहार क्रमांक असतो आणि तो पासबुकातल्या यूटीआर क्रमांकाशी जुळवता येतो.

आणि नेमका हाच उतारा हातचा जातो आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि कंपन्यांनी ते खेळ बंद केले. बंदीला माझा पाठिंबा आहे. खेळापायी कर्जात बुडालेली घरे मी जवळून पाहतो. पण खेळ बंद झाल्यावर लोकांनी ॲप काढून टाकले, आणि त्यातच जुना हिशेब होता. 2023-24 च्या व्यवहारांवर फेरआकारणीची नोटीस सर्वसाधारणपणे 2028 च्या मध्यापर्यंत येऊ शकते, रक्कम 50 लाखांच्या वर असेल तर त्याहून उशिराही. तोवर उतारा कुठून आणायचा?

म्हणून पहिली मागणी अशी की, या कंपन्यांनी 2023-24 पासूनचा प्रत्येक खेळाडूचा वर्षनिहाय खातेउतारा जपून ठेवावा आणि मागताच द्यावा, असा आदेश मंडळाने काढावा. त्याहून सोपे म्हणजे, वर्षभरात भरलेली रक्कम आणि दोन्ही टोकांची शिल्लक एआयएसमध्येच दाखवावी. टीडीएस कापताना कंपनीने हे आकडे मांडलेलेच असतात.

दुसरी गोष्ट टीडीएस म्हणजे संपूर्ण कर, या समजुतीची. ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने ड्रीम 11 वर दीड कोटी रुपये जिंकल्याची आणि नंतर ते निलंबित झाल्याची बातमी राज्यभर गाजली. त्यांचा वैयक्तिक हिशेब मला माहीत नाही, पण दीड कोटी निव्वळ जिंकणाऱ्या कुणाचेही गणित मांडता येते. टीडीएस कापला जाईल 45 लाख. प्रत्यक्षात 45 लाखांवर 15 टक्के अधिभार म्हणजे 6 लाख 75 हजार, आणि एकूण 51 लाख 75 हजारांवर 4 टक्के उपकर म्हणजे 2 लाख 7 हजार. कर झाला 53 लाख 82 हजार. वरचे 8 लाख 82 हजार जिंकणाऱ्याने स्वतः भरायचे, तेही आगाऊ कराच्या हप्त्यांत. आमच्याकडे रकमा लहान असतात, पण जिंकलेल्या 1 लाखावर उपकराचे 1,200 रुपये भरायचे राहून जातात, ते याच समजुतीमुळे.

तिसरी गोष्ट परदेशी सट्ट्याच्या संकेतस्थळांची. तिथे टीडीएस कापला जात नाही आणि जिंकलेले पैसे अनोळखी माणसांच्या खात्यांतून येतात. सायबर तक्रारीत ती खाती आली की इथल्या पोराचेही खाते गोठते. अवैध मार्गाने आलेल्या उत्पन्नावरही कर लागतो, हे लोकांना पटत नाही. क्रिकेटच्या निकालावर लावलेली पैज 115बीबीजेमध्ये धरायची की जुगार-सट्ट्याच्या 115बीबीमध्ये, हेही मंडळाने स्पष्ट करावे. दर दोन्हीकडे 30 टक्केच आहे, पण दुसऱ्या कलमात हरलेली रक्कम वजा करायला वाव नाही. फरक मोठा आहे.

वाचकांनी लक्षात ठेवावे की, ज्यांच्या पॅनवर खाते आहे, कर त्यांच्याच नावे लागतो. मुलगा वडिलांच्या पॅनवर खेळला तर नोटीस वडिलांना येईल. ॲप अजून फोनमध्ये असेल तर आजच प्रत्येक वर्षाचा पूर्ण उतारा उतरवून घ्या, बँकेचा त्याच वर्षाचा उतारा, फॉर्म 16ए आणि 26एएस सोबत ठेवा. 31 मार्चची शिल्लक दिसणारे पान विसरू नका. विवरणपत्र आयटीआर-1 मध्ये भरू नका. या उत्पन्नाला तो फॉर्म चालत नाही, नोकरी-शेतीवाल्यांना सहसा आयटीआर-2 लागतो.

2024-25 चे विवरणपत्र उशिरा भरण्याची मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपली. अद्ययावत विवरणपत्रातून परतावा मागता येत नाही, त्यामुळे राहून गेलेल्यांना विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. महोदय, 2,400 रुपयांसाठी मुदखेडच्या शेतकऱ्याने असा अर्ज लिहावा, ही अपेक्षा जास्त आहे. 194बीएखाली कापलेल्या छोट्या रकमांसाठी मंडळाने एकवार सरसकट मुदत द्यावी, आणि तो आदेश मराठीतही काढावा.

आपला नम्र,
मुदखेड येथील एक करसल्लागार