नावापुढचे दोन स्टार आणि चेहऱ्याचा स्कोअर: दुबार मतदार ओळखायचा कसा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि मतदार यादीत एक नवी खूण आली. ज्याचं नाव दोन ठिकाणी असल्याचा संशय आहे, त्याच्या नावापुढे `**`. शिरूर आणि दौंड या दोन्ही नगरपरिषदांच्या गावांत ‘दुबार मतदार’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोहोचला. पद्धत साधारण अशी: आधी सॉफ्टवेअर सारखी नावं शोधतं, मग स्थानिक कर्मचारी लिंग, पत्ता आणि फोटो ताडून पाहतात.

आपल्याकडे या पद्धतीत दोन अडचणी येतात. पहिली, ‘संतोष पवार’ नावाची वेगवेगळी माणसं एकाच तालुक्यात सहज सापडतात, त्यामुळे नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. दुसरी याच्या उलट आहे. समजा शिरूरच्या एका मुलीचं नाव अठराव्या वर्षी यादीत लागलं. पुढे लग्न होऊन ती दौंडला गेली आणि तिथे नवीन नोंद केली. मधलं नाव बदललं, आडनाव बदललं. जुनी नोंद काढायची राहून गेली. तिने कसलीही लबाडी केलेली नाही, पण नाव जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती सापडणारच नाही. तिथे उरतो फक्त चेहरा.

डोळ्यावर किती विसंबायचं?

ओळखीचा माणूस आपण पाठमोराही ओळखतो, म्हणून आपल्याला वाटतं की फोटो जुळवणं सोपं आहे. अनोळखी चेहऱ्याचं गणित वेगळं असतं. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. समोर जिवंत माणूस आणि हातात दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो, अशा वेळी सुमारे १४ टक्के वेळा त्यांनी ‘हाच तो’ म्हणून होकार दिला. ही माणसं रोज हेच काम करणारी होती. आपल्याकडे तर दोन्ही बाजूंना छोटे, जुने, स्कॅन केलेले फोटो असतात. शिवाय डोळा टिकली, चष्मा, मिशी आणि केसांची ठेवण आधी पाहतो, आणि नेमक्या याच गोष्टी बदलत असतात.

चेहऱ्याचे आकडे होतात कसे?

फेस एम्बेडिंगमध्ये सॉफ्टवेअर आधी फोटोतला चेहरा शोधतं. डोळे, नाक आणि ओठांचे कोपरे पकडून तो सरळ करतं, कापून छोटा करतं आणि मॉडेलला देतं. मॉडेल त्या चेहऱ्याबद्दल आकड्यांची एक रांग देतं. गूगलच्या २०१५ मधल्या फेसनेटमध्ये ही रांग १२८ आकड्यांची होती, नंतर आलेल्या आर्कफेसमध्ये ती साधारणपणे ५१२ आकड्यांची असते. यातला एखादा आकडा म्हणजे ‘नाकाची लांबी’ असं काही नसतं. एकाच माणसाच्या दोन फोटोंच्या रांगा जवळ याव्यात आणि दोन माणसांच्या लांब जाव्यात, एवढंच मॉडेलला लाखो फोटोंवरून शिकवलेलं असतं.

जवळीक मोजायची पद्धत सोपी आहे. रांगेत दोनच आकडे आहेत असं समजा: एक फोटो (३, ४), दुसरा (४, ३). जागेप्रमाणे गुणाकार करून बेरीज घ्या: १२ + १२ = २४. प्रत्येक रांगेची लांबी ५ येते, म्हणून २४ ला २५ ने भागा. उत्तर ०.९६. याला कोसाइन सिमिलॅरिटी म्हणतात. १ म्हणजे दोन्ही रांगांची दिशा एकच, ० च्या आसपास म्हणजे काही संबंध नाही.

इथे बरेच जण फसतात. ०.४५ म्हणजे ‘४५ टक्के तोच माणूस’ नव्हे. एखाद्या मॉडेलमध्ये ०.४५ हा भक्कम होकार असू शकतो आणि दुसऱ्यात तोच आकडा नकार ठरतो. आकड्याला अर्थ येतो तो उंबरठ्यामुळे, म्हणजे ‘इतक्याच्या वर गेलं तर जुळलं’ या ठरवलेल्या रेषेमुळे. आणि रेषा ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: दोन वेगळी माणसं चुकून किती वेळा या रेषेच्या वर जातात?

खरी गोम जोड्यांच्या संख्येत आहे

समजा, हिशेबापुरतं, शिरूर आणि दौंड या दोन्ही गावांच्या यादीत प्रत्येकी ३० हजार फोटो आहेत. शिरूरचा प्रत्येक चेहरा दौंडच्या प्रत्येक चेहऱ्याशी ताडला तर ९० कोटी जोड्या होतात. आता समजा रेषा खूप कडक आहे, दहा लाख वेगळ्या जोड्यांमागे एकच चूक. तरीही ९०० चुकीच्या जोड्या ‘एकच माणूस’ म्हणून बाहेर येतील. दहापट कडक केली तर ९० उरतील. पण मग जिचा एक फोटो अठराव्या वर्षीचा आणि दुसरा पस्तिसाव्या वर्षीचा आहे, तिचाही स्कोअर रेषेखाली जायची शक्यता वाढते. म्हणजे जिला शोधायला निघालो, तीच हातून निसटते.

या चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्याही नसतात. अमेरिकेच्या निस्ट या मापन संस्थेच्या २०१९ च्या अहवालात पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, आणि पूर्व युरोपीय लोकांपेक्षा दक्षिण आशियाई लोकांमध्ये, चुकीच्या जुळणीचं प्रमाण जास्त दिसलं. भावंडांचे स्कोअर वर जातात. एकसारख्या जुळ्यांपुढे तर बहुतेक मॉडेल्स हात टेकतात.

म्हणून ‘लिंग आणि वय सारखं असेल तरच ताडा’ एवढ्यावर भागत नाही, कारण चुकीच्या जोड्या मुळातच एका लिंगाच्या आणि जवळच्या वयाच्या असतात. चेहऱ्याशी अजिबात संबंध नसलेली गोष्ट सोबत लागते. नेमकी जन्मतारीख ही तशी गोष्ट आहे. पहिलं नावही बऱ्याच वेळा चालतं, कारण सख्ख्या बहिणींचे चेहरे जुळले तरी पहिली नावं वेगळी असतात. मात्र काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात, तिथे ही चाळणी चुकेल. चेहरा आणि जन्मतारीख दोन्ही जुळले तर संशय पक्का होतो. मग घरी जाऊन त्या बाईंना विचारायचं.

आकडा खोटा वाटला तर काय पाहायचं?

आधी फोटो पाहा. डोळ्यांमधलं अंतर मोजून वीस-पंचवीस पिक्सेल असेल, फोटोवर शिक्का असेल किंवा झेरॉक्सवरून स्कॅन केलेला असेल, तर स्कोअरवर भरवसा ठेवू नका. खराब फोटोंची एक गंमत असते: दोन वेगळ्या माणसांचे धूसर फोटो कधी कधी एकमेकांच्या जवळ येतात, कारण मॉडेलला चेहऱ्याऐवजी धूसरपणाच दिसतो. एकच नोंद वेगवेगळ्या दहा जणांशी जुळतेय असं दिसलं, तर समजा की फोटोच खराब आहे.

दुसरं, ज्या यादीवर हे वापरायचं तिथल्याच फोटोंवर रेषा तपासायला हवी. खात्रीने एकाच माणसाच्या काही शे जोड्या घ्यायच्या, खात्रीने वेगळ्या माणसांच्या त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यात बहिणी-बहिणी मुद्दाम घालायच्या. दोन्ही गटांचे स्कोअर कुठे एकमेकांत मिसळतात ते पाहायचं. सिनेनटांच्या स्वच्छ फोटोंवर ९९ टक्के गुण मिळवणारं मॉडेल घोडनदीच्या काठावरच्या स्टुडिओतल्या जुन्या फोटोवर तेवढंच चालेल, असं गृहीत धरता येत नाही.

तेव्हा उद्या तुमच्या किंवा वहिनीच्या नावापुढे दोन स्टार दिसले, तर चौकशीला जाताना प्रश्न नेमका विचारा: खूण नावामुळे लागली की फोटोमुळे? फोटोमुळे लागली असेल, तर दुसरी नोंद कोणती आणि जन्मतारीख जुळते का? स्कोअर कितीही मोठा असो, त्याच्या आधारे एवढंच म्हणता येतं की ही जोडी माणसाने तपासावी. नाव कापायचं की नाही, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.