व्ह्यूज मोजून व्हिडिओ ठरत नाही

पॉडकास्ट करणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली एक हिशेब हमखास ऐकू येतो. भागाला डाउनलोड दोन हजार, त्याच भागाच्या यूट्यूबवरच्या व्हिडिओला व्ह्यूज सहा हजार. म्हणजे पाऊण प्रेक्षक पडद्यावर आहे, आता कॅमेऱ्याशिवाय गत्यंतर नाही. आकडे खरे असतील, निष्कर्ष कच्चा आहे. इथे दोन निराळ्या वस्तू एकाच तागडीत टाकल्या आहेत.

डाउनलोड म्हणजे ऐकणे नव्हे. आयएबी टेक लॅबच्या नियमांनुसार, किमान एक मिनिटाच्या आवाजाइतकी फाइल उतरली की डाउनलोड धरला जातो, आणि तोच आयपी, तेच अ‍ॅप चोवीस तासांत पुन्हा आले तर ते एकदाच मोजतात. फाइल फोनमध्ये न ऐकता पडून राहिली तरी आकडा तोच. २०२३ मध्ये आयओएस १७ आले आणि अ‍ॅपलने आपोआप डाउनलोड करण्याची पद्धत बदलली. अनेक कार्यक्रमांचे आकडे तेव्हा घसरले. ऐकणारे मात्र होते तिथेच होते. व्ह्यूची तऱ्हा उलटी. तिथे कोणी तरी प्ले केलेले असते हे खरे, पण ते दोन मिनिटांत निघूनही गेलेले असते.

म्हणून दोन्हीकडचे तास काढावेत. समजा, भाग चाळीस मिनिटांचा आहे. होस्टिंग कंपनी अ‍ॅपलच्या अ‍ॅपवरचे जे डाउनलोड दाखवते, त्यांच्याशेजारी अ‍ॅपलच्या स्वतःच्या पॅनेलमधले प्लेज ठेवले, तर किती फाइली खरोखर वाजल्या याचा अंदाज येतो. तो साठ टक्के निघाला असे धरू. सरासरी ऐकणे अठ्ठावीस मिनिटे. मग दोन हजार डाउनलोडचे बाराशे श्रोते आणि ५६० तास. यूट्यूबवर सरासरी पाहणे पाच मिनिटे. सहा हजार व्ह्यूजचे ५०० तास. पाऊण हिस्सा वाटत होता तो निम्म्याच्याही किंचित खाली आला. अ‍ॅपलवरचा साठ टक्क्यांचा अंदाज इतर अ‍ॅप्सना लावताना चूक होणारच, पण फाइल आणि व्ह्यू यांची बरोबरी करण्याइतकी ती मोठी नाही.

हे ऐकून दुसरा पक्ष खूश होतो: बघा, व्हिडिओवाले चंचल, खरा श्रोता आमचा! हाही हट्टच. पाचशे तास म्हणजे पाचशे तास. पाच मिनिटांच्या सरासरीत तीस सेकंदांत निघून गेलेले असतात, तसे पूर्ण भाग पाहणारेही असतात. रिटेन्शनचा आलेख उघडावा. पहिल्या मिनिटातल्या कड्यानंतर रेषा सपाट चालत राहिली, तर तिथे पक्का प्रेक्षक आहे. गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झाल्यावर गुगलने श्रोत्यांना यूट्यूब म्युझिककडेच वळवले. यूट्यूबवर नुसते ऐकणारेही असतात, हे शुद्ध ऑडिओवाद्यांनी विसरू नये.

आणि खरी मेख इथेच आहे. ५०० तास यूट्यूबने दिले, पण कॅमेऱ्याने किती दिले? हे दोन प्रश्न एक समजल्यामुळेच लोक दिवे आणि तीन कॅमेरे विकत घेऊन बसतात. यूट्यूबला आरएसएस फीड जोडता येते. मग मुखपृष्ठाच्या स्थिर चित्रावर नुसता आवाज तिथे जातो, संकलनाचा खर्च शून्य. माझे म्हणणे असे की एक आड एक भाग या दोन रीतींनी द्यावा, वार आणि वेळ तीच ठेवावी, आणि प्रत्येक भागाचे पहिल्या अठ्ठावीस दिवसांचे तास ताडून पाहावेत. एखादा पाहुणा गाजला की सरासरी बिघडते, तेव्हा मधला आकडा घ्यावा. शॉर्ट्सचे व्ह्यूज यात मिसळू नयेत. मार्च २०२५ अखेरपासून तिथे क्लिप नुसती सुरू झाली तरी व्ह्यू धरला जातो.

समजा, स्थिर चित्राला ३५० तास मिळाले. मग कॅमेऱ्याची कमाई १५० तास. त्यातही व्हिडिओच्या भागांना ऑडिओचे तास ५६० वरून ४८० वर आले असतील, तर ऐंशी तास आपलेच श्रोते इकडून तिकडे गेल्याचे धरावे. उरले सत्तर.

इथे एक फसगत होते. स्पॉटिफायवर व्हिडिओ चढवला की तिथे तुमच्या होस्टकडची ऑडिओ फाइल बदलली जाते. ते ऐकणे होस्टच्या डाउनलोडमध्ये येत नाही आणि होस्टकडून आत घातलेल्या जाहिरातीही तिथे वाजत नाहीत. डाउनलोड पडले म्हणून श्रोते गेले असे समजून घाबरणारे बरेच आहेत. या चाचणीपुरता व्हिडिओ फक्त यूट्यूबवर ठेवावा.

आता सत्तर तासांसाठी संकलकाचे दोन दिवस द्यायचे का? जाहिरातदार डाउनलोडवर पैसे मोजत असेल, तर माझे उत्तर नाही असेच येईल. सत्तरांतला मोठा वाटा टीव्हीवरून आला असेल, तर मात्र मी आणखी काही भाग थांबून पाहीन. यूट्यूबच्या उपकरणांच्या तक्त्यात तो वेगळा दिसतो, आणि टीव्ही लावून चाळीस मिनिटांच्या गप्पांसमोर बसणाऱ्याला स्थिर चित्र किती वेळ पुरेल, याबद्दल मला शंका आहे.