नाव काढलं, तरी नोंद तुमचीच: रुग्णांच्या माहितीतून ओळख पुन्हा कशी लागते

काही रुग्णालयांच्या संमतीपत्रात हल्ली एक ओळ असते: 'आपली ओळख काढून टाकून आपली माहिती संशोधनासाठी वापरली जाऊ शकते.' रुग्ण ती वाचून मला विचारतात, "डॉक्टर, नाव तर काढतात ना, मग सही करायला काय हरकत?" पूर्वी मी "काही हरकत नाही" म्हणून पुढच्या कागदाकडे वळायचो. आता दोन मिनिटं थांबतो. कारण 'नाव काढणं' आणि 'ओळख पुसणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी प्रत्यक्षात काय केलं जातं ते पाहू. तुमचं नाव, मोबाइल नंबर, पत्ता, आधार क्रमांक आणि केसपेपरचा नंबर काढून टाकतात. त्या जागी एक सांकेतिक क्रमांक टाकतात. तुम्ही दोन वर्षांत दहा वेळा आलात, तर दहाही नोंदींवर तोच क्रमांक राहतो. हे मुद्दाम केलेलं असतं. गोळी बदलल्यावर मधुमेह आटोक्यात आला का, हे शोधायचं तर आधीची साखर आणि नंतरची साखर एकाच माणसाची आहे हे कळायला हवं. कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी रुग्णालयाकडे बंदोबस्तात ठेवलेली असते. ती यादी हाती लागल्याशिवाय माणूस ओळखता येणार नाही, असा आपला समज असतो.

हा समज किती कच्चा आहे ते ऑस्ट्रेलियात दिसलं. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने सुमारे २९ लाख लोकांच्या, म्हणजे लोकसंख्येच्या १० टक्के नमुन्याच्या, वैद्यकीय बिलांच्या आणि औषधांच्या नोंदी संशोधनासाठी इंटरनेटवर खुल्या केल्या. काही नोंदी १९८४ पासूनच्या होत्या. खात्याने निष्काळजीपणा केला असं म्हणता येणार नाही. नावं काढली होती, क्रमांक सांकेतिक होते, जन्मतारखेऐवजी फक्त जन्मवर्ष ठेवलं होतं, उपचारांच्या तारखा दोन आठवड्यांपर्यंत मागेपुढे सरकवल्या होत्या आणि दुर्मीळ उपचारांच्या नोंदी गाळल्या होत्या.

तरीही महिनाभरात मेलबर्न विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी डॉक्टरांचे सांकेतिक क्रमांक उलगडून दाखवले. त्यांनी खात्याला कळवलं आणि माहिती इंटरनेटवरून उतरवली गेली. खरा धक्का डिसेंबर २०१७ मध्ये बसला. याच संशोधकांनी दाखवलं की रुग्ण ओळखायला कोणतंही कुलूप तोडावं लागत नाही. बातम्यांमधून आणि इंटरनेटवरून सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी, म्हणजे अमुक साली शस्त्रक्रिया झाली, अमुक महिन्यात मूल झालं, एवढ्याच घेऊन त्यांनी नोंदी चाळल्या. सात प्रसिद्ध व्यक्तींच्या माहितीशी जुळणारी एकेकच नोंद सापडली. त्यांत आजी-माजी खासदार होते आणि एक फुटबॉलपटूही होता. त्यांची नावं संशोधकांनी जाहीर केली नाहीत.

हे कसं घडतं ते आपल्याकडच्या कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. एक लाख वस्तीचं तालुक्याचं गाव धरा. नोंदीत फक्त गाव, लिंग आणि जन्मवर्ष ठेवलं आहे. माणसं ८० वर्षांत सारखी विभागली आहेत असं मानलं, तर १९८८ साली जन्मलेल्या बायका साधारण ६२५ निघतील. एवढ्या गर्दीत कोण सापडणार, असं वाटतं.

आता त्यांतल्या एकीच्या नोंदीत दोन बाळंतपणं आहेत: पहिलं मार्च २०१४ च्या आसपास, दुसरं ऑगस्ट २०१७ च्या आसपास. पहिली बाळंतपणं दहा वर्षांत, म्हणजे १२० महिन्यांत विखुरलेली असतील, तर एका महिन्याच्या वाट्याला ६२५ पैकी पाचच बायका येतात. दुसरं बाळंतपण पुढच्या पाच वर्षांतल्या ६० महिन्यांपैकी कुठल्याही महिन्यात होऊ शकतं. त्या पाचजणींपैकी दोघींचा तोच महिना येणं कठीण. म्हणजे ती एकटीच उरते. प्रत्यक्षात आकडे इतके सारखे नसतात, पण हिशेबाचा कल हाच राहतो. तारखा पंधरा दिवस मागेपुढे केल्या तरी महिन्याचा अंदाज राहतोच.

आणि हे दोन महिने कोणाला माहीत असतात? नणंदेला, शेजारणीला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला, बारशाचे फोटो पाहिलेल्या प्रत्येकाला. त्या व्यक्तीला नोंद सापडली की बाळंतपणाची माहिती नवी मिळत नाही, ती होतीच. नवं मिळतं ते त्याच सांकेतिक क्रमांकाखालचं बाकी सगळं: मधल्या काळातला गर्भपात, नैराश्याच्या गोळ्या, एचआयव्हीची तपासणी. संशोधनासाठी उपयोगी पडणारी नोंदींची साखळीच इथे नडते.

याला एक मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. नमुना दहापैकी एकाचाच असेल, तर जुळलेली एकमेव नोंद दुसऱ्याच कोणाची असू शकते, कारण तुम्ही त्या नमुन्यात नसालही. जन्मवर्ष, राज्य, बाळंतपणं, जुनं फ्रॅक्चर अशा अनेक गोष्टी एकामागून एक जुळत गेल्या की शंका कमी होत जाते. पण चुकीची जुळणीही निरुपद्रवी नसते. दुसऱ्याचा आजार तुमच्या नावावर चिकटला, तर तो खोडून काढणार कसा?

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात, ओळख काढलेल्या माहितीतून परवानगीशिवाय ओळख परत लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा स्वतंत्र गुन्हा नाही. मात्र ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती सगळी वैयक्तिक माहिती, अशी व्याख्या आहे. माझ्या समजुतीप्रमाणे वरच्या उदाहरणातली नोंद या व्याख्येत बसायला हवी, नाव नसलं तरी. संशोधनाला कायद्यात अटींसह सूट आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण बऱ्याचशा तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. केवळ शिक्षेवर माझा फारसा भरवसा नाही. शेजारणीने घरी बसून फाइल चाळली, तर ते कळणार कोणाला?

म्हणून संशोधनाला नकार द्या असं मी सांगत नाही. मी रोज देतो त्या औषधांचं ज्ञान अशाच नोंदींतून आलेलं आहे. पण सही करण्याआधी दोन गोष्टी जरूर विचारा. पहिली, माहिती फाइल म्हणून बाहेर दिली जाणार, की संशोधकाने संस्थेच्या संगणकावर येऊन तिथेच काम करायचं आणि फक्त एकत्रित आकडे बाहेर न्यायचे? दुसरी पद्धत पुष्कळ सुरक्षित. दुसरी गोष्ट, पूर्ण जन्मतारीख, पूर्ण पिनकोड आणि भेटींच्या नेमक्या तारखा ठेवणार आहेत का, आणि कशासाठी? वयोगट आणि जिल्हा पुरत असेल, तर जास्त देण्याचं कारण नाही. समोरच्या कर्मचाऱ्याला उत्तर येत नसेल, तर संशोधनाच्या कागदावर मुख्य संशोधकाचा आणि नैतिकता समितीचा फोन नंबर असतो, तिथे विचारा. तोवर तेवढी सही राखून ठेवली म्हणून तुमचे उपचार अडवता येत नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या प्रकरणात तिथल्या माहिती आयुक्तांनी मार्च २०१८ मध्ये निष्कर्ष दिला की खात्याकडून गोपनीयता कायद्याचा भंग झाला, हेतुपुरस्सर नसला तरी. फाइल त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये, काढून घेतली होती. मधल्या दिवसांत ज्यांनी ती उतरवून घेतली, त्यांच्या संगणकावरच्या प्रती मात्र कोणालाच परत आणता येत नाहीत.