ट्रोपोनिन किती वाजताचे?

मराठवाड्यातून उपचारासाठी हैदराबादला येणारे रुग्ण काचीगुड्याला उतरतात, तेव्हा अनेकांच्या पिशवीत गावच्या लॅबचा कागद असतो. ‘ट्रोपोनिन निगेटिव्ह’ एवढ्या दोन शब्दांवर घरचे निर्धास्त होतात. रक्त छातीत दुखू लागल्यावर किती वेळाने काढले, हे मात्र कागदावर बहुधा नसते.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायू दुखावला की ते रक्तात झिरपू लागते, पण जुन्या चाचण्यांना दिसण्याइतके साचायला तीन ते सहा तास जातात. नव्या अतिसंवेदनशील चाचण्या ते बरेच आधी पकडतात. मग ते साधारण दिवसभरात शिखर गाठते आणि आठवडा-दोन आठवडे रेंगाळते.

समजा, सुलतान बाजारातल्या एका गृहस्थांच्या छातीत रात्री दहाला कळ आली. पित्त समजून त्यांनी गोळी घेतली आणि साडेअकराला ते रुग्णालयात गेले. ईसीजीत ठळक काही नाही. अतिसंवेदनशील ट्रोपोनिन टी लिटरला ९ नॅनोग्रॅम, म्हणजे १४ च्या मर्यादेच्या आतच. त्यांना तेव्हाच घरी धाडले तर घात. साडेबाराला आकडा १५ येतो. तासात ६ ची वाढ! युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या एक तासाच्या नियमात ५ किंवा अधिक वाढ म्हणजे झटक्याचा दाट संशय.

शेजारच्या खाटेवरच्या डायलिसिसच्या रुग्णाचा पहिलाच आकडा ४६. घरच्यांची झोप उडते. पण तासाने ४७ आणि तीन तासांनी पुन्हा ४७. हृदयाला इजा आहे, पण ती जुनी, मूत्रपिंडाच्या आजारासोबत चालत आलेली.

फेरतपासणीने ताजे आणि जुने वेगळे होते, एवढेच. हृदयस्नायूचा दाह, फुप्फुसात अडकलेली गुठळी, रक्तातला जंतुसंसर्ग यांतही आकडा चढतो आणि उतरतो. तिथे दुखण्याची तऱ्हा, ईसीजी आणि इको यांनाच विचारावे लागते. ईसीजी उघड झटका दाखवत असेल, तर ट्रोपोनिनची वाट पाहत बसणे हाच गुन्हा.

सगळ्यात फसवा असतो तो उशिरा आलेला. गावाकडे दोन दिवस ‘गॅस’वर उपचार घेऊन तो गाडीत बसतो. इथे आकडा प्रचंड येतो, पण शिखर केव्हाच मागे पडलेले असते. उतार इतका संथ की तासाभराच्या दोन आकड्यांत फरकच दिसत नाही. त्याला जुनी इजा समजले की चुकलेच. अशा वेळी गावचा आकडा हाताशी असावा असे वाटते खरे. पण तिकडे ट्रोपोनिन आय केलेले असते आणि इथे ट्रोपोनिन टी, आणि या दोहोंची वजाबाकी होत नाही. आय-आयची होते, तीही यंत्र एकाच पद्धतीचे असेल तरच.