दंतवैद्याचा दवाखाना: महामार्ग की पेठ?

संपादक महाशयांस,


नव्या दंतवैद्याने पुणे-सोलापूर महामार्गालगतच दवाखाना थाटावा, हा गतांकातील पत्रलेखकांचा अभिप्राय पाटसपुरता मला मान्य नाही. कारण महामार्गाची रहदारी भरधाव निघून जाते, आणि दाढदुखीचा रोगी पेठेत किराणा घेताना दिसलेल्या पाटीकडेच वळतो. भांडवलही सगळे खुर्ची, कॉम्प्रेसर व एक्स-रे यंत्रात न अडकवता वर्षभराचे भाडे व कर्जाचे हप्ते शिल्लक राखावेत. कारण रूट कॅनालला दोन-तीन खेपा लागत असता, पहिल्याच खेपेस कळ थांबलेला रोगी अर्ध्यावरच अदृश्य होतो, आणि उसाचे बिल जमा झाल्यावर, तीच दाढ पुन्हा ठणकू लागली म्हणजे, परततो. तेव्हा बोल न लावता जुनी नोंद काढून काम पुरे करणाऱ्याकडेच त्याचे घरचेही येऊ लागतात.

आपला,
एक दंतवैद्य, पाटस (ता. दौंड)