जागा सोडल्या, की काढून घेतल्या?

संविधाननिर्मितीवर व्याख्यान दिले की अखेरच्या प्रश्नोत्तरांत एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. कायदेमंडळांत मुस्लिमांसाठी ठरलेल्या राखीव जागा त्यांनी स्वखुशीने सोडल्या, की त्यांच्याकडून काढून घेतल्या गेल्या? विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवे असते. संविधान सभेचे इतिवृत्त तसे उत्तर देत नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये सभेने विभक्त मतदारसंघ फेटाळले, पण तडजोड म्हणून संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा मान्य केल्या. १९४८च्या मसुद्यातील २९२व्या अनुच्छेदात ती तरतूद होती. पुढे ११ मे १९४९ रोजी वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने, अनुसूचित जातींच्या जागा कायम ठेवून, धार्मिक अल्पसंख्याकांच्या जागा रद्द करण्याचा निर्णय घेतला. तसा ठराव मांडणारे एच. सी. मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते. बेगम ऐजाज रसूल यांनी त्याला पाठिंबा दिला. राखीव जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडतील, असे त्यांचे म्हणणे होते. उलट मद्रासच्या मुहम्मद इस्माईल यांनी सभेत पुन्हा विभक्त मतदारसंघांचीच मागणी केली. तेव्हा ‘मुस्लिमांनी सोडल्या’ हे जितके अपुरे, तितकेच ‘काढून घेतल्या’ हेही. शिवाय फाळणीची जखम ताजी असताना घेतलेला निर्णय कितपत मोकळा होता, हेही विचारलेच पाहिजे.

मला मात्र झेड. एच. लारी यांची सूचना अधिक मोलाची वाटते. राखीव जागा त्यांनाही नको होत्या. त्यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि एकवटता येणारी मते सुचवली. समजा, एका मतदारसंघात तीन जागा आहेत आणि शंभर मतदारांना प्रत्येकी तीन मते आहेत. तिन्ही मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा आहे. अल्पसंख्याक तीस असले तर आपल्या उमेदवाराला ते नव्वद मते देऊ शकतात. उरलेल्या सत्तर मतदारांची दोनशे दहा मते तिघांत वाटली, तर प्रत्येकाला सत्तरच मिळतात. दोघांत वाटली तर ते दोघे निवडून येतात, पण तिसरी जागा अल्पसंख्याकांच्याच उमेदवाराला मिळते. धर्माचा उल्लेख न करता प्रतिनिधित्व साधते. पंचवीस टक्क्यांहून कमी आणि विखुरलेल्या गटाला मात्र तीन जागांच्या मतदारसंघात ही हमी मिळत नाही.

ही सूचना सभेने स्वीकारली नाही. सर्वाधिक मते मिळवील तो विजयी, ही पद्धत आपण ठेवली आणि अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्व बहुसंख्याकांच्या व पक्षांच्या सदिच्छेवर सोपवले. म्हणून जागा कोणी सोडल्या, यापेक्षा त्यांच्या बदल्यात काय दिले गेले, हा प्रश्न मला अधिक रास्त वाटतो. मतपद्धतीपुरते त्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आहे.